ई-मेलवरून नोकरीचा होकार : आधी खुलासा, मग स्वीकृती

मुलाखत पार पडते, दूरध्वनीवरून अभिनंदन होते आणि संध्याकाळपर्यंत ई-मेलमध्ये ‘ऑफर लेटर’ येऊन पडते. सोबत एक ओळ असते : चार दिवसांत होकार कळवावा. बहुतेक उमेदवार त्याच रात्री आभाराच्या दोन ओळी लिहून मोकळे होतात. पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि कागदपत्रे यांविषयीच्या शंका ‘रुजू झाल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवल्या जातात. रुजू होईपर्यंत मात्र जुनी नोकरी सुटलेली असते आणि शंका विचारण्याचे बळही तिच्याबरोबर गेलेले असते.

ई-मेलवरचा होकार हा नुसता शिष्टाचार नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये पुढे झालेल्या दुरुस्तीने कलम 10अ आले. प्रस्ताव व स्वीकृती इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाली, एवढ्याच कारणावरून करार निष्फळ ठरत नाही, असे ते सांगते. त्याहून जुना भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 7 नुसार स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. ‘प्रस्ताव मान्य आहे, पण तारीख पंधरा दिवस पुढची हवी’ असे उत्तर कायद्याच्या नजरेत होकार नसून उमेदवाराने मांडलेला नवा प्रस्ताव असतो, आणि तो मान्य करण्याचे बंधन कंपनीवर नसते. याउलट ‘तारीख पुढे नेणे शक्य आहे का?’ ही केवळ विचारणा असते. तिने मूळ प्रस्ताव मोडत नाही. म्हणून एकाच मेलमध्ये होकार आणि अटी यांची खिचडी करू नये. पहिला मेल विचारणेचा, दुसरा स्वीकृतीचा, असा क्रम ठेवावा.

एका नमुन्यादाखलच्या प्रकरणावरून हा क्रम स्पष्ट होईल. नाशिकमधील एका कारखान्यात सहा वर्षे लेखा विभागात काम करणाऱ्या तरुणीला पुण्यातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून सोमवारी, 4 मे रोजी पत्र आले. वार्षिक सहा लाख रुपये, रुजू होण्याची तारीख 1 जुलै, होकार 8 मेपर्यंत. मुलाखतीत ‘सहायक व्यवस्थापक, लेखा’ या पदाचे बोलणे झाले होते. पत्रात पद होते ‘लेखा अधिकारी’, आणि कामाचे ठिकाण ‘पुणे अथवा कंपनी ठरवील तेथे’.

पदनामातला हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात पदनामाला वेतनश्रेणी जोडलेली असते, पुढच्या नोकरीत अनुभव त्याच नावाने मोजला जातो, आणि अनेक कंपन्यांत राजीनाम्याच्या सूचनेचा कालावधीही श्रेणीवरच ठरतो. म्हणून पदाबरोबर श्रेणी, वरिष्ठ कोण आणि पहिली नेमणूक कुठे, एवढे विचारून घ्यावे. बदलीचे कलम बहुतेक पत्रांत असते आणि ते सहसा काढले जात नाही. पहिली नेमणूक मात्र लेखी मिळू शकते.

पगाराचा मुद्दा अधिक वेळ मागतो. सहा लाखांना बाराने भागून त्या तरुणीने महिना पन्नास हजार धरले होते. पत्रातला आकडा मात्र ‘सीटीसी’चा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा होता. जोडपत्रातील फोड अशी होती : मूळ पगार 3,00,000, घरभाडे भत्ता 1,20,000, विशेष भत्ता 72,000, भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा 36,000, ग्रॅच्युइटी 14,430, आरोग्य विम्याचा हप्ता 9,570, आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बदलता भाग 48,000. यातील पहिल्या तीन रकमाच दरमहा पगारपत्रकात दिसणार होत्या. त्यांची बेरीज महिना 41,000. त्यातून तिचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, मूळ पगाराच्या 12 टक्के म्हणजे 3,000, आणि व्यवसाय कराचे 200 रुपये वजा जाता, प्राप्तिकर लागत नाही असे धरूनही, हाती येणार होते 37,800. (महाराष्ट्रात फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 रुपये कापला जातो, तेव्हा त्या महिन्यात शंभर कमी.) नाशिकला आई-वडिलांच्या घरी राहून तिला 34,500 मिळत होते. पुण्यातील खोलीचे भाडे यातून निघणार नव्हते.

कंपनीने येथे काही लपवले होते असे नाही. फोड पत्रासोबतच होती. ग्रॅच्युइटीची रक्कम कायम नोकरीत साधारणतः पाच वर्षे सलग सेवा झाल्यावरच मिळते, तरी तिची तरतूद कंपनी खर्चात धरते. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम कर्मचाऱ्याचीच असते, पण ती भाड्याला उपयोगी पडत नाही. खरी विचारणा बदलत्या भागाविषयी करायची असते. तो कधी दिला जातो, कशावर ठरतो, वर्षाच्या मध्यात रुजू झालेल्यास प्रमाणात मिळतो का, आणि देण्याच्या दिवशी नोकरीत असणे आवश्यक आहे का? ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढेच उत्तर आले तर ती रक्कम हिशेबात धरू नये, हे बरे. जोडपत्र आलेच नसेल तर ते मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तारखेचा हिशेब जुन्या नियुक्तिपत्रावरून करावा लागतो. या तरुणीला साठ दिवसांची सूचना देणे बंधनकारक होते. नव्या कंपनीचे पक्के झाल्यावर सोमवारी 11 मे रोजी राजीनामा दिला, तर तो दिवस धरून साठावा दिवस 9 जुलै येतो. म्हणजे 1 जुलैला रुजू होणे अशक्यच होते. सूचनेच्या उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटता येते असे अनेकांना वाटते. पण जुन्या पत्रात तशी मुभा आहे का, आणि ती कंपनीच्या संमतीवर अवलंबून आहे का, हे आधी वाचावे. शिल्लक रजा सूचनेच्या काळात वळती करण्याबाबतही तेच. तारखेला होकार देऊन मग ती चुकवण्यापेक्षा आधीच विचारलेले चांगले.

तिने 5 मे रोजी विचारणेचा मेल पाठवला. कंपनीत काम करण्याची तयारी पहिल्या ओळीत सांगितली आणि चार प्रश्न क्रमांक घालून विचारले : पदनाम व श्रेणी, पहिले ठिकाण, बदलत्या भागाऐवजी दरमहा रक्कम देता येईल का, आणि 13 जुलै ही तारीख चालेल का. मेल अर्थातच स्वतःच्या खासगी पत्त्यावरून गेला. सध्याच्या कार्यालयाच्या मेलवरून असा व्यवहार करणारे अजूनही आढळतात. ती पेटी कंपनीच्या ताब्यात असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागाच्या व्यवस्थापक बाईंचा दूरध्वनी आला. पदनाम टंकताना चुकले होते, तारीख मान्य होती, आणि बदलता भाग विशेष भत्त्यात मिळवण्यास वरिष्ठांनी संमती दिली होती. अशा वेळी ‘आता होकार पाठवा’ असा आग्रह होतो आणि उमेदवार तोंडी शब्दावर विसंबतो. तिने अर्ध्या तासात त्याच मेलमालिकेत लिहिले : ‘आज दुपारच्या बोलण्यानुसार पुढील बदल मान्य झाले आहेत. त्याप्रमाणे सुधारित पत्र व जोडपत्र पाठवावे, ही विनंती.’

मेलवर ‘होय, मान्य’ असे उत्तर आले तरी सुधारित पत्र का मागायचे? कारण पुढे मिळणाऱ्या नियुक्तिपत्रात बहुधा असे एक कलम असते की, याआधीचा सर्व पत्रव्यवहार व तोंडी बोलणी या पत्राने रद्द समजावीत. त्यावर सही झाली की मेलमधले आश्वासन दुबळे पडते. सुधारित ऑफर लेटर असेल तर नियुक्तिपत्र त्यावरूनच तयार होते. ते 7 मे रोजी आले. विशेष भत्ता 72,000 वरून 1,20,000 झाला होता, एकूण आकडा सहा लाखच राहिला, आणि हाती येणारी रक्कम 41,800 झाली.

स्वीकृतीचा मेल 8 मे रोजी गेला. कंपन्यांशी हा व्यवहार सहसा इंग्रजीत होतो. त्याचा आशय मराठीत असा :

विषय : नियुक्ती स्वीकृती – सहायक व्यवस्थापक (लेखा), पुणे

‘महोदया, दिनांक 7 मे रोजीच्या आपल्या सुधारित पत्राबद्दल आभारी आहे. त्यातील नियुक्ती मी स्वीकारत आहे. पत्रानुसार पद सहायक व्यवस्थापक (लेखा), पहिली नेमणूक पुणे, एकूण वार्षिक वेतनखर्च 6,00,000 रुपये, जोडपत्रातील फोडीप्रमाणे, व रुजू होण्याची तारीख सोमवार, 13 जुलै आहे. सही केलेली पत्राची व जोडपत्राची प्रत सोबत आहे. मी 11 मे रोजी राजीनामा देणार आहे. कार्यमुक्तीचे पत्र शेवटच्या दिवसानंतर मिळणार असल्याने रुजू होताना राजीनामा मंजुरीचा मेल चालेल का, तसेच आवश्यक कागदपत्रांची यादी कृपया कळवावी. हा मेल मिळाल्याची पोच द्यावी.’

यात नवी अट एकही नाही. ज्या पत्राला होकार आहे त्याची तारीख आणि त्यातीलच तपशील पुन्हा लिहिलेले आहेत, त्यामुळे पुढे दोन पत्रांपैकी कोणते, असा वाद उरत नाही. कागदपत्रांविषयीचा प्रश्न स्वीकृतीला बाधा आणत नाही.

कागदपत्रांत अडते ते बहुधा कार्यमुक्तीच्या पत्रावर. जुनी कंपनी हिशेब पूर्ण झाल्यावर ते देते, आणि नवीला ते पहिल्याच दिवशी हवे असते. बाकीची यादी ठरलेली असते : शिक्षणाची प्रमाणपत्रे, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पॅन, आधार, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, रद्द केलेला धनादेश, छायाचित्रे. चालू वर्षातील जुना पगार व त्यावर कापलेला कर यांचाही तपशील द्यावा; नाहीतर नवी कंपनी कर कमी कापते आणि विवरणपत्र भरताना एकदम भरणा करावा लागतो. आधारची शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत चालते का, हे विचारायला हरकत नाही. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत, ठेवून घेऊ देऊ नयेत. आणि कागदपत्र पडताळणी, प्रशिक्षण वा लॅपटॉप यांच्या नावाखाली कोणी पैसे भरायला सांगितले, तर मेलचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाच्या नावाशी जुळतो का ते पाहून कार्यालयात स्वतंत्रपणे चौकशी करावी. अशी मागणी फसवणुकीची खूण असते.

पोच येईपर्यंत राजीनामा थांबवावा. दोन कामाचे दिवस वाट पाहून त्याच मालिकेत स्मरणपत्र पाठवावे, तरीही उत्तर नसेल तर दूरध्वनी करावा. नियुक्ती पूर्वेतिहासाच्या पडताळणीवर किंवा वैद्यकीय तपासणीवर अवलंबून असल्याचे कलम पत्रात असेल, तर ती कधी पूर्ण होणार हेही विचारून घ्यावे. शक्य असेल तर राजीनामा त्यानंतर द्यावा. या तरुणीला पोच 9 मे रोजी शनिवारी मिळाली आणि सोमवारी तिने राजीनामा दिला. 13 जुलैला नियुक्तिपत्र हाती आले तेव्हा तिने सुधारित पत्राची छापील प्रत शेजारी ठेवून वाचले. पदनाम बरोबर होते; विशेष भत्त्याच्या रकान्यात जुनेच 72,000 राहिले होते. प्रत दाखवल्यावर पान बदलून मिळाले, आणि मग सही झाली.