थापटणारा हात कुणाचा?

नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. जीएमआरटी या नावाने ओळखली जाणारी ही रेडिओ दुर्बीण पुण्यातली एनसीआरए ही संस्था चालवते. १४ अँटेना मध्यवर्ती भागात आहेत, उरलेल्या १६ तीन भुजांवर, शेताशिवारांतून कित्येक किलोमीटर दूर पसरलेल्या. प्रत्येक अँटेनापाशी नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक कार्डं बसवलेली. मूळ रचनेत या कार्डांचा मेंदू होता ८०५३५ हा मायक्रोकंट्रोलर. रात्री दोन वाजता दूरच्या भुजेवरचं कार्ड हँग झालं, तर बटण दाबायला तिथे कोण असणार?

या चिपच्या पोटातच एक वेगळा टायमर आहे. एकदा सुरू झाला की प्रोग्रामला तो थांबवता येत नाही. ठरल्या वेळात पुन्हा शून्यावर आणता येतो, एवढंच. १२ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळावर ही मुदत साधारण ६५ मिलिसेकंदांची. प्रोग्राम कुठे अडकला, टायमर शून्यावर आणायचा राहिला, की चिप रीसेट. यालाच वॉचडॉग म्हणतात आणि टायमर शून्यावर आणण्याला त्याला थापटणं.

त्याचं कूळ चंद्रापर्यंत जातं. अपोलो यानांच्या संगणकात ‘नाइट वॉचमन’ नावाचं सर्किट होतं. स्मृतीतला अष्टमान ६७ क्रमांकाचा पत्ता प्रोग्रामने सतत तपासत राहायचा, कारण अधिक महत्त्वाचं काम रांगेत आलंय का, हे तिथे कळे. दोन सेकंदांच्या आत तो पत्ता कुणी वाचला नाही, की सर्किट संगणक पुन्हा सुरू करी. यातली हुशारी वेळ मोजण्यात नव्हती. ‘मी जिवंत आहे’ असं सांगण्यासाठी वेगळी ओळ लिहावीच लागत नव्हती; कामं वाटण्याची मूळ क्रियाच ती खूण होती. कामवाटप थांबलं, की खूणही थांबायची.

उलट उदाहरण १९९४ सालचं. चंद्राचा नकाशा काढून क्लेमेंटाइन यान एका लघुग्रहाकडे निघणार होतं. ७ मे रोजी त्याचा संगणक अडकला, थ्रस्टर चालूच राहिले, इंधन संपलं आणि यान गरगरत राहिलं. हार्डवेअर वॉचडॉग त्याच्यात होता. तो वापरणारं सॉफ्टवेअर मात्र वेळेअभावी लिहिलंच गेलं नव्हतं. राखणदार नेमला, पण त्याला फाटक दाखवलंच नाही, असा हा प्रकार.

आता पुण्यातल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर या. समजा, टाकीच्या पाण्याची पातळी मोजणारा रास्पबेरी पाय तिथे पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. त्याच्या चिपमध्येही वॉचडॉग आहे, पण मुदत जास्तीत जास्त १५ सेकंदांच्या आसपास. तो कामाला लावायला /etc/systemd/system.conf या फाइलमध्ये एवढंच पुरतं:

```
[Manager]
RuntimeWatchdogSec=10
```

रीबूट केल्यावर `sudo wdctl` ही आज्ञा द्यावी. उपकरणाचं नाव आणि दहा सेकंदांचीच मुदत दिसली, की टायमर लागला. पण खरी परीक्षा मुद्दाम गळा दाबूनच होते. आधी `sync` करावं, म्हणजे कार्डावर लिहायचं राहिलेलं उतरेल, मग:

```
echo c | sudo tee /proc/sysrq-trigger
```

याने कर्नल कोसळतो. वॉचडॉग नसेल तर बोर्ड सहसा तसंच पडून राहतं. असेल तर दहाएक सेकंदांत रीसेट होऊन पुन्हा उठतं. मध्येच थांबलेल्या कामापासून पुढे चालू करण्याची अपोलोची सोय इथे नाही; सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. वरच्या ओळीमुळे टायमरला थापटतो तो systemd, म्हणजे पहिली प्रक्रिया. टाकी मोजणारा प्रोग्राम सेन्सरच्या उत्तराची वाट बघत तासन्‌तास अडकला, तरी systemd ठणठणीत असतो आणि इमानेइतबारे थापटत राहतो. गच्चीवरचा दिवा लुकलुकतो, पिंगला उत्तर येतं, पातळीचा आकडा मात्र सकाळचाच! उपाय असा, की त्या सेवेच्या फाइलमध्ये `WatchdogSec=30` आणि `Restart=on-failure` लिहायचं आणि प्रोग्रामने प्रत्येक यशस्वी मोजणीनंतर systemd ला `WATCHDOG=1` हा संदेश पाठवायचा. तो वेगळ्या धाग्यातून ठोक्यावर पाठवला, तर पुन्हा तीच गत: मोजणी बंद, थापटणं चालू. अपोलोवाल्यांनी ६७ क्रमांकाचा पत्ता निवडला तो हाच घोळ टाळून.

वॉचडॉगच्या हातात नसलेल्याही गोष्टी आहेत. मेमरी कार्डच खराब झालं, तर बोर्ड रीसेट होईल, पण उठणार कशावर? स्वस्त अ‍ॅडॉप्टरमुळे व्होल्टेज पडत असेल तर तीच कथा. जर्नल कार्डावर साठत असेल आणि `journalctl --list-boots` मध्ये दर काही मिनिटांनी नवी नोंद दिसू लागली, तर मुदत वाढवत बसू नये. आधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघावा.