ओळख आणि खूण

अभिज्ञान म्हणजे ओळख, आणि ओळख पटवणारी खूणही. दुष्यंताची स्मृती हरपली होती, म्हणून शकुंतला समोर उभी असूनही त्याला अंगठीची गरज पडली. परंतु स्मृती शाबूत आहे, दृष्टी शाबूत आहे आणि तरीही चेहरा ओळखता येत नाही, असे होऊ शकते काय?

योआखिम बोडामर या जर्मन मेंदूविकारतज्ज्ञाने १९४७ साली असे काही रुग्ण नोंदवले. त्यांतील ‘एस.’ हा महायुद्धात डोक्याला जखम झालेला तरुण सैनिक. समोर चेहरा आहे हे त्याला कळे. डोळे, नाक, तोंडही दिसे. परंतु तो चेहरा कोणाचा, हे उमगत नसे. आरशातला स्वतःचा चेहराही त्याला परकाच वाटे. आप्त मात्र तो विसरला नव्हता. आवाज कानी पडताच ओळख पटे. अशा नोंदी एकोणिसाव्या शतकातही सापडतात. बोडामरने मात्र या विकाराला स्वतंत्र मानले आणि चेहरा व अज्ञान या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून त्याला ‘प्रोसोपॅग्नोझिया’ हे नाव दिले.

अवयव दिसतात, मग हरवते काय? याचे उत्तर निरोगी माणसांकडून मिळाले. १९६९ साली रॉबर्ट यिन यांनी चेहऱ्यांची, घरांची, विमानांची चित्रे सरळ आणि उलटी दाखवली. उलटे केल्यावर सगळ्याच गोष्टी ओळखणे कठीण जाते. पण चेहऱ्यांच्या बाबतीत घसरण सर्वांत मोठी होती. वास्तविक उलट्या चित्रातही नाक तेच, डोळे तेच. मोडतो तो त्यांचा परस्परसंबंध. म्हणजे सरळ चेहरा आपण अवयवांची बेरीज करून वाचत नाही, एकदम अखंड पाहतो. यालाच समग्र आकलन म्हणतात.

मार्था फारा व सहकाऱ्यांनी १९९५ साली हीच कसोटी डोक्याला इजा झालेल्या ‘एल.एच.’ या रुग्णावर लावली. निरोगी माणसांनी सरळ चेहऱ्यांच्या जोड्या १०० पैकी ९४ वेळा अचूक जुळवल्या, उलट्या ८२ वेळा. एल.एच.चे आकडे मात्र ५८ आणि ७२. उलटा चेहराच त्याला अधिक सोपा गेला! फारा यांचा अर्थ असा की सरळ चेहरा दिसताच मेंदूतली बिघडलेली यंत्रणा पुढे सरसावते आणि अवयवशः पाहण्याची वाटही अडवते.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. सर्वच रुग्णांत असे उलटे फळ दिसत नाही. काहींना एकसारखे पक्षी किंवा मोटारी वेगळ्या ओळखणेही जमत नाही; त्यामुळे ही यंत्रणा केवळ चेहऱ्यांसाठी आहे की सरावाने आलेल्या सूक्ष्म भेदांसाठी, हा वाद मिटलेला नाही.

एवढे मात्र खरे, की हे रुग्ण आवाज, चालण्याची ढब, केसांची ठेवण यांवर माणसे ओळखतात. दुष्यंताला एकदाच लागलेली खूण त्यांना रोज, प्रत्येक माणसासाठी लागते.