खातं तुमचंच आहे, हे चॅटबॉटला कसं कळतं?

समजा, रायगडमधल्या तळा तालुक्यात एका आजींना पेन्शन जमा झाली का, हे बँकेच्या व्हॉट्सॲप चॅटबॉटवर बघायचं आहे. खाते क्रमांक पासबुकावर छापलेला असतो आणि तो घरातल्या कुणालाही दिसू शकतो. त्यामुळे केवळ तो टाइप केल्यानं ओळख पटत नाही.

पहिली तपासणी : कोण विचारतंय?

स्टेट बँकेनं 2022 मध्ये व्हॉट्सॲप सेवा सुरू केली, तेव्हा नोंदणीसाठी खात्याला जोडलेल्या मोबाइलवरूनच WAREG आणि खाते क्रमांक असा एसएमएस पाठवायची अट ठेवली. एसएमएस कोणत्या नंबरवरून आला, हे बँक आपल्या नोंदीशी ताडून पाहते.

पण यातून सिम ओळखलं जातं, माणूस नाही. आजींच्या खात्याला मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलेला असेल, तर शिल्लक त्यालाच दिसेल. बंद पडलेला नंबरही 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणून नंबर बदलला की आधी बँकेतली नोंद बदलायला हवी.

दुसरी तपासणी : उत्तर कुणाचं आहे?

ओळख पटल्यावर आजींनी शेजारणीचा खाते क्रमांक टाइप केला तर? नीट बांधलेल्या व्यवस्थेत कोणतं खातं उघडायचं, हे चॅटबॉट मेसेज वाचून ठरवत नाही. ते पडताळणीच्या वेळीच बँकेच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. चॅटबॉटला फक्त त्याच खात्याची माहिती मिळते, त्यामुळे त्याला कितीही गोड बोलून फसवलं तरी दुसरं खातं उघडत नाही.

तरीही घोटाळा होऊ शकतो. 20 मार्च 2023 रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली. काही तासांच्या अवधीत त्या वेळी सक्रिय असलेल्या 1.2 टक्के प्लस सदस्यांचं नाव, ईमेल, पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार अंक इतरांना दिसले असण्याची शक्यता होती.

कारण साधं होतं. रांगेतला माणूस मध्येच निघून जावा आणि त्याचा लिफाफा खिडकीवरून मागच्याच्या हातात पडावा, तसं झालं. एका वापरकर्त्याची विनंती अर्धवट रद्द झाली, पण तिचं उत्तर रांगेत उरलं आणि पुढच्या विनंतीला दिलं गेलं. नंतर ओपनएआयनं उत्तर देण्याआधी ते त्याच वापरकर्त्याचं आहे ना, हे पुन्हा तपासण्याची सोय केली.

दुसऱ्याची माहिती दिसली तर?

अनोळखी नाव, न केलेला व्यवहार किंवा न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिसलं, तर संभाषण तिथंच थांबवा आणि वेळ नोंदवून बँकेला कळवा. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. त्यात दिसणारी माहिती दुसऱ्या कुणाची तरी असते आणि तुमचीही अशीच कुणाला तरी दिसत असू शकते.