भास्कराचार्यांचे चोवीस पट्टे

वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले की गोलाचे पृष्ठफळ मिळते, हे लल्लाचार्यांचे मत भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (शके १०७२, इ. स. ११५०) खोडून काढले. खंडन प्रसिद्ध आहे. मला अधिक मोलाची वाटते ती त्यांनी दिलेली उपपत्ती.

मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्यावा. परीघ २१,६०० कला, म्हणजे त्रिज्या ३,४३८. माथ्यापासून पृष्ठावरून दर २२५ कलांवर एक आडवे वर्तुळ काढत गेले, की मध्यवृत्तापर्यंत चोवीस पट्टे पडतात. प्रत्येक पट्टा उलगडून वरच्या-खालच्या परिघांच्या सरासरीला २२५ने गुणायचे आणि बेरीज करायची. मी वहीत ती करून पाहिली: अर्ध्या गोलासाठी परीघ गुणिले त्रिज्या यापेक्षा दहा हजारांत जेमतेम साडेतीन कमी. पट्टे सपाट धरल्यामुळे पडणारी ही तूट पट्टे अरुंद करत गेले की नाहीशी होते.

पण बेरीज इतकी सुबक का येते? साठ अंश अक्षांशावरचा पट्टा पाहा. तिथले वर्तुळ मध्यवृत्ताच्या निम्मे. पृष्ठही तिथे इतके कललेले, की २२५ कला रुंदीच्या पट्ट्याची उभी उंची जेमतेम ११२, म्हणजे तीही निम्मी. हा योगायोग नव्हे. स्पर्शरेषा त्रिज्येला लंब असल्याने दोन समरूप त्रिकोण बनतात, आणि वर्तुळ ज्या प्रमाणात आकसते त्याच प्रमाणात उंची घटते. म्हणून लहान परीघ गुणिले तिरपी रुंदी म्हणजेच मोठा परीघ गुणिले उभी उंची. पट्टा कुठेही असो, त्याचे स्थान हिशेबातून गळून जाते. समांतर प्रतलांमधल्या कोणत्याही पट्ट्याचे वक्र पृष्ठफळ, २πRh; कापलेल्या तोंडांच्या चकत्या यात धरायच्या नाहीत.

पृथ्वी गोल मानली (ती किंचित चपटी आहे, पण फरक थोडा), तर उत्तर आणि दक्षिण ३० अंशांच्या मधला पट्टा उंचीने व्यासाच्या निम्मा. म्हणजे पृथ्वीचे निम्मे पृष्ठ तिथेच, जरी ध्रुवापासून ध्रुवापर्यंतच्या १८० अंशांपैकी ते ६०च असले तरी. नकाशांनी लावलेली सवय इथे फसवते.

भास्कराचार्यांच्या आधी सुमारे चौदा शतके आर्किमिडीजने गोलखंडाच्या टोपीचे पृष्ठफळ सिद्ध केले होते. दोन टोप्यांच्या वजाबाकीतून पट्टा मिळतो. तेव्हा अग्रहक्काचा वाद घालण्यात अर्थ नाही. मला चटका लावते ते वेगळेच. ज्येतली सूक्ष्म वाढ कोटिज्येच्या प्रमाणात असते, हे भास्कराचार्यांनी ग्रहांच्या तात्कालिक गतीच्या विवेचनात ओळखले होते. वरच्या समरूप त्रिकोणांचे मर्म हेच. पट्टे त्यांच्या हातात होते, प्रमाणही होते. पण ही उपपत्ती संपूर्ण गोलाच्या बेरजेवर थांबते, एकेकट्या पट्ट्याकडे वळत नाही.