अष्टविनायकाच्या बसचा तक्ता

आपल्या सोसायटीची पहिली सहल अष्टविनायकाची निघाली, तेव्हा सीटचं गणित कुणी केलंच नव्हतं. जो आधी पैसे भरेल त्याला पुढची सीट! पैसे आधी भरणारे अर्थातच तरुण, नोकरीवाले. बी विंगमधल्या काकूंनी शेवटच्या दिवशी पैसे दिले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला शेवटची रांग आली. मागच्या चाकांच्या पलीकडे असल्याने खड्ड्याचा दणका तिथे सगळ्यात जोरात बसतो. दिवेघाट चढून मोरगावला पोहोचेपर्यंत त्यांची कंबर धरली. मयूरेश्वराला त्यांनी बसच्या दारातूनच हात जोडले. ते दृश्य आम्ही कमिटीवाले अजून विसरलेलो नाही.

दुसरी चूक थांब्यांची. ज्याला जिथे सोयीचं, तिथे बस थांबवायची, असे पाच थांबे झाले. प्रत्येक ठिकाणी सामान चढवण्यात दहा-पंधरा मिनिटं गेली आणि हडपसरला एक आजोबा अंधारात तासभर उभे राहिले. बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही.

पुढच्या सहलीच्या आठवडाभर आधी आम्ही कार्डशीटवर तक्ता आखला. दहा रांगा चार-चारच्या, मागे पाच, अशी पंचेचाळीस सीटची बस. आजी-आजोबा अकरा होते. पहिल्या तीन रांगांतल्या बारा सीट त्यांच्या, उरलेली एक बस लागणाऱ्या नातवाची, आजीशेजारी खिडकीपाशी. पैसे कधी भरले याचा संबंधच तोडला. गुडघ्यांचाही विचार केला : उजवा पाय दुखतो त्याला डाव्या बाजूची, वाटेकडची सीट, म्हणजे पाय वाटेत लांब करता येतो. डावा दुखत असेल तर उलट. मागची रांग कॉलेजच्या पोरांना. मधल्यांनी दुसऱ्या दिवशी ओझरहून निघताना पुढे-मागे अदलाबदल करायची. ज्येष्ठांनी मात्र हलायचं नाही.

थांबे तीनच ठेवले : सोसायटीचं गेट साडेपाचला, स्वारगेट सहाला, हडपसर गाडीतळ साडेसहाला. ज्येष्ठांनी फक्त गेटवर चढायचं, तिथे खुर्च्या आणि वॉचमनची खोली आहे. हडपसरचे आजोबा आदल्या रात्री लेकीकडे, आपल्याच सोसायटीत, मुक्कामाला आले.

भांडण झालंच. "आम्ही सगळ्यात आधी पैसे भरले, मग सातवी रांग का?" असं एका सदस्याने सर्वांसमोर विचारलं. उत्तर देणं अवघडच होतं, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेवढ्यात त्यांची आईच म्हणाली, "अरे, मी दुसऱ्या रांगेत आहे ना, मग तू बस की मागे."

आणि एक गोष्ट तक्त्यातून सुटलीच. लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या ज्यांना चढवेनात ते बसमध्ये थांबले आणि ड्रायव्हर बस बंद करून चहाला गेला. आत उकाडा. तेव्हापासून तक्त्याच्या खाली एक ओळ वाढली आहे : लेण्याद्रीला बसजवळ कोण थांबणार, त्याचं नाव आधीच लिहायचं. बी विंगच्या काकू त्या वर्षी दुसऱ्या रांगेत होत्या. मोरगावला त्या स्वतः उतरल्या.