चार तत्त्वे, तीन स्वभाव आणि एक कुंडली

कुंडली पाहणारा ज्योतिषी पुष्कळदा ग्रहांची हजेरी घेतो. अग्नितत्त्वात किती, जलतत्त्वात किती. चर राशींत किती आणि स्थिर राशींत किती. एखादे तत्त्व रिकामे निघाले, की तो समतोल बिघडल्याचे सांगतो. ही हजेरी कोठून आली, ते आज पाहू.

बारा राशींची वाटणी सोपी आहे. मेषेपासून अग्नी, पृथ्वी, वायू, जल असा क्रम तीनदा फिरतो; चर, स्थिर, द्विस्वभाव असा क्रम चारदा फिरतो. चार त्रिक बारा. त्यामुळे तत्त्व आणि स्वभाव यांची जोडी प्रत्येक राशीची वेगळी पडते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने स्वभावांचे कारण ऋतूंत दाखविले. मेष, कर्क, तूळ व मकर यांच्या आरंभी संपात किंवा अयन होते, म्हणजे ऋतू पालटतो. पुढच्या राशीत तो स्थिरावतो, त्यापुढच्या राशीत दोन ऋतूंची सरमिसळ होते. राशींना चार तत्त्वे जोडलेली त्याच शतकातील व्हेटियस व्हॅलेन्सच्या ग्रंथात आढळतात. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने चर, स्थिर, द्विस्वभाव हे भेद दिले आहेत, आणि मेषेला ‘क्रिय’ हे ग्रीक वळणाचे नावही.

आता एक कुंडली घेऊ. ५ फेब्रुवारी १९६२ ची पहाट. अष्टग्रहीच्या भयाने तेव्हा देशभर यज्ञयाग चालले होते. आपल्या निरयन पंचांगाप्रमाणे रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी हे सातही ग्रह मकरेत होते, आठवा केतू. हजेरी लावा: पृथ्वीतत्त्व सात, बाकीची तिन्ही शून्य, चर सात, स्थिर शून्य. याहून बिघडलेला समतोल कोणता?

परंतु पाश्चात्त्य ज्योतिषी राशी वसंतसंपातापासून मोजतो. दोन्ही आरंभबिंदूंत तेव्हा सुमारे २३ अंशांचे अंतर होते. त्याच्या सायन कुंडलीत तेच सात ग्रह कुंभेत पडले: वायुतत्त्व सात, स्थिर सात. आकाश तेच, वेळ तीच. एकाचा ‘चर’ दुसऱ्याचा ‘स्थिर’ झाला.

मुद्दा येथेच आहे. स्वभावांची नावे ऋतूंवरून पडली. पण उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, आणि आपली मकरसंक्रांत येते १४ जानेवारीच्या सुमारास. निरयन मकरेला ‘चर’ म्हणण्याचे मूळ कारण तिच्यामागेच राहून गेले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे आणि शुक्र ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही. सातांतले तीन हजर असे नेहमी जवळजवळ उभे असतात. म्हणून एखादे तत्त्व रिकामे निघणे हे विशेष लक्षण नव्हे. ते ग्रहांच्या चालीतच आहे. १९६२ ची ती पहाट उजाडली आणि भाकीत केलेला प्रलय आला नाही. कुणी आपल्या मुलाच्या कुंडलीतील रिकाम्या तत्त्वासाठी शांती सुचविली, तर प्रथम एवढेच विचारावे: राशी कोठून मोजल्या?