धनुर्वाताचे विष, चेतातंतूंचा मार्ग आणि पुण्याचे अश्वसीरम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना 1966 मध्ये डॉ. सायरस पूनावाला यांनी केली. पूनावाला कुटुंबाचा अश्वपैदाशीचा व्यवसाय होता आणि तेथील घोडे सीरमनिर्मितीसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात असत. नव्या संस्थेच्या आरंभीच्या उत्पादनांत धनुर्वातविरोधी सीरम प्रमुख होते. हे सीरम वेळेवर मिळाले तर रोग टळे. परंतु जबडा आवळल्यानंतर तेच सीरम रुग्णास पूर्ववत करू शकत नसे. असे का घडते, याचा शोध विषाच्या प्रवासमार्गाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अश्वसीरमची कल्पना :

1889 मध्ये कितासातो यांनी धनुर्वाताच्या जिवाणूचे शुद्ध संवर्धन केले. पुढील वर्षी बेहरिंग यांच्यासह त्यांनी असे दाखविले की, विष टोचून प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचे रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याचे रक्षण करते. याच तत्त्वावर घोड्याला निष्प्रभ केलेल्या विषाची वाढती मात्रा टोचली जाई व नंतर त्याच्या रक्तातील प्रतिविष वेगळे काढले जाई. हे प्रतिविष रक्तात व ऊतींमध्ये मोकळ्या असलेल्या विषाला बांधून ठेवते. मात्र विष तेथे फार काळ थांबत नाही.

विषाचा प्रवास :

मायर आणि रॅन्सम यांनी 1903 मध्ये, हे विष चेतातंतूंतून मध्यवर्ती चेतासंस्थेकडे जाते, असे प्रयोगांनी प्रतिपादिले. आजच्या ज्ञानानुसार विष स्नायूजवळील चेतातंतूच्या टोकाला चिकटते, आत घेतले जाते आणि पेशीच्या अंतर्गत वाहतुकीबरोबर उलट दिशेने मेरुरज्जूकडे नेले जाते. उंदरांवरील प्रयोगांत या वाहतुकीचा वेग ताशी सुमारे 7.5 मिलिमीटर आढळला.

समजा, शेतात एखाद्याच्या तळपायात खिळा रुतला. पायापासून मेरुरज्जूपर्यंतचे अंतर एक मीटर धरले, तर वरील वेगाने विषाला सुमारे 133 तास, म्हणजे साडेपाच दिवस लागतील. काही विष रक्तातून शरीरभर पसरते व सर्वच चेतातंतूंच्या टोकांत शिरते. जबड्याचा चेतातंतू दहा सेंटीमीटर मानला, तर तेथून ते चौदा तासांच्या आतच मेंदूच्या खोडाशी पोहोचते. जखम पायाला असूनही प्रथम जबडा का आवळतो, याचे उत्तर या अंतरांत आहे. हा हिशेब अर्थात ढोबळ आहे. जिवाणूंची वाढ होऊन विष तयार होण्याचा काळ त्यात धरलेला नाही.

ताठरपणा का येतो? :

मेरुरज्जूत पोहोचल्यावर विष प्रेरक चेतापेशीतून बाहेर पडून तिला आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशीत शिरते. ही पेशी ग्लायसिन व गॅबा ही रसायने सोडून स्नायूंचे आकुंचन मर्यादेत ठेवते. आपण कोपर वाकवितो तेव्हा मागचा स्नायू सैल पडतो, तो याच नियंत्रणामुळे. ही रसायने सुटणे थांबले की परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आवळतात. पाठीचे बलवान स्नायू वरचढ ठरून देह धनुष्यासारखा वाकतो. किंचित आवाज वा स्पर्शानेही झटके येतात.

बोट्युलिनम विषाशी तुलना :

1895 मध्ये बेल्जियममधील एका गावी डुकराच्या खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली. तिच्या अभ्यासातून व्हॅन एर्मेंगेम यांनी बोट्युलिनमचा जिवाणू शोधला. या रोगात स्नायू लुळे पडतात. पापण्या खाली येतात, गिळणे अवघड होते आणि श्वसन मंदावते. आश्चर्य असे की, दोन्ही विषे मूलतः एकच काम करतात. 1992 मध्ये शियाव्हो, माँटेकुको व सहकाऱ्यांनी दाखविले की, धनुर्वाताचे विष आणि बोट्युलिनमचा ‘बी’ प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन एकाच जागी छेदतात. रसायनांच्या पिशव्या पेशीच्या पटलाशी जुळण्यास हे प्रथिन आवश्यक असते. फरक आहे तो स्थानाचा. बोट्युलिनम प्रामुख्याने स्नायूजवळच राहून ॲसिटिलकोलीन अडविते, म्हणून स्नायूला आज्ञाच मिळत नाही. धनुर्वाताचे विष मेरुरज्जूत जाऊन आवर घालणारा संदेश अडविते, म्हणून आज्ञा थांबतच नाहीत.

निष्कर्ष :

सीरमची मर्यादा निर्मितीतील दोषामुळे नव्हती. चेतापेशीत शिरलेल्या विषापर्यंत प्रतिविष पोहोचत नाही. ते केवळ उरलेले मोकळे विष रोखते, आणि बाधित टोके पुन्हा कार्यक्षम होईपर्यंत रुग्णाचा श्वास कित्येक आठवडे सांभाळावा लागतो. शिवाय घोड्याच्या प्रथिनांमुळे काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येत असे. म्हणून पुढे मानवी प्रतिपिंडांचा वापर श्रेयस्कर ठरला. विष चेतातंतूत शिरण्यापूर्वीच त्याला गाठायचे, तर प्रतिपिंडे शरीरात आधीपासून असावी लागतात, आणि ती टॉक्सॉइड लसच निर्माण करू शकते. घोड्याच्या सीरमपासून सुरुवात केलेली पुण्याची ही संस्था पुढे लसनिर्मितीकडे वळली, त्या वाटचालीत हे जीवशास्त्रीय कारणही दिसून येते. 2015 मध्ये भारतात माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित झाले. त्यात गर्भवतींच्या लसीकरणाचा व स्वच्छ प्रसूतीचा मोठा वाटा होता. धनुर्वाताचे बीजाणू मात्र मातीत कायम असल्याने लसीकरण थांबविता येत नाही.